बेडूक खूश खात्यात

मोहर्लीच्या त्या रिसॉर्टात पाहुण्यांचे अभिप्राय माणसानं वाचायचे दिवस सरले होते. मालक सोमाजीभाऊंनी अभिप्राय वाचणारं संगणकाचं मॉडेल आणलं होतं. ते प्रत्येक अभिप्रायावर 'खूश' किंवा 'नाखूश' असा शिक्का मारी, आणि ज्या खात्यात नाखुशी जास्त त्याचा माणूस घरी जाई. यंदा पाळी स्वयंपाकीण अन्नपूर्णाबाईची होती. खोल्यांची साफसफाई बघणारा हेमराज, मालकांचा मेहुणा, खुशीत पहिला आला होता.

संगणक सांभाळणाऱ्या करिष्माला शंका आली. तिनं मूळ अभिप्राय उघडले.

चंद्रपूरच्या पाहुण्यानं लिहिलं होतं, "अबे, त्या बाईनं तं मारूनच टाकलं! भरीत खाऊन पोट फुटलं, साल्यांनो!" शिक्का: नाखूश.

कुणी लिहिलं होतं, "खोली गलिच्छ, पण जेवण अप्रतिम." अख्ख्याला एकच शिक्का, नाखूश, तो जेवणाच्याही माथी.

आणि पुण्याच्या काकूंनी पाचातला एकच तारा देऊन लिहिलं होतं, "वा! नळातून थेट निसर्ग. बाथरूममध्ये बेडकाची सोबत. इतकी काळजी कोण घेतं!" खूश. हेमराजच्या खात्यात.

करिष्मा त्या बाथरूममध्ये गेली. जाळीत केसांचा ओला गोळा होता, बादलीच्या कडेला शेवाळ्याचा सायीसारखा थर होता, आणि बेडूक अजून मुक्कामाला होता.

बिचाऱ्या मॉडेलचा दोष नव्हता. दुकानी मालाच्या अभिप्रायांवर शिकलेलं ते. शिव्या घालून कौतुक करणारा आमचा मुलूख त्याला कोण दाखवणार? करिष्मानं इथले अभिप्राय स्वतः वाचून खुणा केल्या, मॉडेलला नव्यानं शिकवलं. खोलीचं वाक्य खोलीला, जेवणाचं जेवणाला. शब्द गोड आणि तारा एक, असं दिसलं की शिक्का न मारता माणसाकडे पाठवायचं. मग बाजूला राखलेल्या, मॉडेलनं न पाहिलेल्या अभिप्रायांवर तपासलं. तरीही काही टोमणे निसटलेच, पण स्वयंपाकघर स्वच्छ खूश निघालं. खोल्या पार बुडाल्या.

तिनं पडदा सोमाजीभाऊंना दाखवला; हेमराज शेजारीच उभा होता.

"बाई राहू दे," भाऊ म्हणाले. "पण जेवणापुरतंच नवं चालव. खोल्यांले जुनं."

"भाऊ, तिथी बेडूक हाय!"

"कुठी? मशीन तं खूश म्हणून राह्यली ना."

"अन् मी नाई म्हटलं तं?"

"मंग दोन्हीकडे जुनं. बाईले घरी जा म्हणून तूच सांगजो."

हेमराज दात कोरत हसला. कोरलेला तुकडा त्यानं भिंतीला पुसला.

करिष्मानं जेवणाला नवं, खोल्यांना जुनं लावलं आणि बटण दाबलं.

स्वयंपाकघरात अन्नपूर्णाबाईनं तिच्यापुढे ताट ठेवलं. करिष्मा एकच घास घेऊन ताट नुसतं चिवडत बसली.

"काऊन वं पोरी, बरं नाई झालं?"

"झकास झालं, बाई."

अन्नपूर्णाबाईनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ताट ओढून घेतलं.

"खोटं बोलून राह्यली. काय करून आली, सांग."