पातळी चार

परब मॅडमनी माझ्या निबंधाला जोडलेला फॉर्म टेबलावर ठेवला. त्यावर मीच लिहिलं होतं, 'एआयचा वापर: पातळी चार, पूर्ण मसुदा.' खाली माझी सही.

"रुचिका, हे चालतं असं तुला कुणी सांगितलं?"

"कॉलेजच्या तक्त्यातच आहे ना, मॅडम! एक म्हणजे फक्त कल्पना सुचवून घेणं, चार म्हणजे पूर्ण मसुदा."

"तक्ता फक्त पातळ्यांचा अर्थ सांगतो. परवानगी कितीची, ते विषयाच्या आराखड्यात असतं, नाहीतर असाइनमेंटच्या कागदावर. तिथेही नसेल तर मला विचारायचं."

मी मोबाइलवर आराखडा उघडला. पान तीन, पातळी एक. वाट लागली! आणि निबंध कशावर, तर आमच्या वर्सोव्याच्या सुक्या बोंबलांवर. तो मी झोपेतही लिहिला असता.

दाराबाहेर माझ्या वर्गातला दिपेश उभा होता. त्यानेही सगळं एआयकडूनच लिहून घेतलेलं, पण फॉर्मवर बिनधास्त 'एक' टाकला होता. त्याचं नाव घेतलं तर मी चुगलखोर, नाही घेतलं तर एकटीच मूर्ख.

"बाकीच्यांनी काय लिहिलंय, मॅडम?"

"सगळ्यांनी एक. सगळेच खरं बोलतायत असं मला वाटत नाही. पण सापडलीस तू, कारण तू खरं लिहिलंस."

आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.