फी तीच, रुपये वेगळे

अमेरिकेत शिकणाऱ्या ताईच्या दुसऱ्या सत्राची फी भरायची होती आणि बाबांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता.

"मागच्या वेळी दहा लाख तीन हजार गेले. आता म्हणते, दहा लाख सदतीस. मधले चौतीस हजार कुठल्या खात्यात जमा होणार?"

"बाबा, फी बारा हजार डॉलरच आहे. तेव्हा डॉलर त्र्याऐंशी साठला पडला, आता बँक शहाऐंशी चाळीस सांगतेय. गुणून बघा."

"तू तिचाच भाऊ. दोघं मिळून मला शेंडी लावताय."

हे मंगळवारी. शुक्रवार शेवटचा दिवस. त्यानंतर विद्यापीठ तिचं नाव पटावरून काढणार होतं. बाबांनी बँकेच्या फॉर्मवर सही केली नाही. शेजारच्या वकिलांना विचारलं, ताईच्या मैत्रिणीच्या वडिलांना आडून आडून विचारलं. शेवटी ताईला फोन करून म्हणाले, "तिकडे कुणाच्या नादी लागली नाहीस ना?" तिने फोन ठेवला. मग तिने विद्यापीठाची दोन्ही बिलं पाठवली. दोन्हींवर आकडा एकच होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही बँकेत. परकीय चलनाच्या टेबलावरच्या बाईंनी स्क्रीन बघितला. "सत्याऐंशी दहा."

"मंगळवारी शहाऐंशी चाळीस होता!"

"मंगळवारी पैसे भरले असते तर तोच लागला असता. व्यवहार ज्या क्षणी होतो, त्या क्षणाचा भाव."

बाबांनी मोबाइल पुढे केला. "यात शहाऐंशी साठ दिसतंय. वरचे पन्नास पैसे कुणाच्या खिशात?"

"बँकेच्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो बँकांचा आपापसातला भाव. आम्ही विकताना वर आमचा नफा लावतो."

"म्हणजे माझा संशय खरा होता!" बाबा माझ्याकडे विजयाने बघू लागले.

"काका, विचारलंत तर थोडं कमी होतं." बाईंनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. भाव शहाऐंशी पंच्याण्णव झाला. दर डॉलरला पंधरा पैसे वाचले. तरीही मंगळवारपेक्षा सहा हजार सहाशे जास्त गेले. ते बँकेने खाल्ले नव्हते आणि ताईनेही नाही.

बाबांनी ती वजाबाकी मनात केली असावी, कारण त्यांनी फॉर्म पुढे ओढून सही केली.

बाहेर पायरीवरच ताईचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"भरली?"

"भरली गं. काळजी करू नकोस."

"काय भाव लागला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तोच. मंगळवारचा."

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"बाबा," ताई म्हणाली, "भाव मी रोज बघते. दिवसातून चार वेळा."

बाबा म्हणाले, "हो, असेल." मग फोन माझ्या हातात देऊन ते पायऱ्या उतरू लागले.