मिशा आणि किल्ली

दीक्षा दोन दिवसांपासून अमरावतीच्या घरी गेममधल्या तुरुंगात अडकली होती. तिच्या मॉडमुळे, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या तिच्या फाइलमुळे, पहारेकऱ्याच्या खिशात किल्ली असायची. खिसा कापला की सुटका. रविवारी अकोल्याच्या मैत्रिणींना हेच दाखवायचं होतं. पण खिसा रिकामा होता आणि पहारेकऱ्याला तिच्या तापट डोमाजीमामांसारख्या मिशा होत्या.

"दादा, ह्या मिशा कोनं लावल्या?"

"माया मॉडनं," ललित म्हणाला. "पण मॉडच्या यादीत तुयं मॉड माया मॉडच्या वर ठेवलं. लग्नपत्रिकेत मानाचं नाव वरच रायते ना?"

"अरे, इथं खालचाच जिंकते! दोघांनी एकाच पहारेकऱ्याची नोंद बदलली, तं खालच्याची अख्खी नोंद लागते. तुया नोंदीत किल्लीच नाही."

"मंग मायं वर घे."

"मंग मिशा जातीन. रडशील."

तिने तिसरं, छोटं मॉड बनवलं: एकाच नोंदीत त्याच्या मिशा आणि तिची किल्ली. ते दोघांच्याही खाली ठेवलं आणि अटकेच्या आधी साठवलेला खेळ उघडून ती पुन्हा पकडली गेली. यावेळी किल्ली हाती लागली.

"मंग आपल्या घरच्या लग्नपत्रिकेतही मामाचं नाव तळाले छापू," ललित म्हणाला.

"छाप. मंग तुरुंग खरा असन, अन् मिशाही."