नमिताची उजवी बाही

आपल्या मुलुंडच्या शिवणाच्या दुकानातून गेलेला ब्लाउज वीस वर्षांत एकदाही दुरुस्तीला परत आला नाही, असं सुगंधा सांगते. आला असेलही एखादा, पण तिच्यासमोर तसं बोलायची छाती कोणाची? हीच बाई त्या दुपारी मशीनसमोर घाबरून बसली होती.

कारण होती नमिता, शाळेपासूनची मैत्रीण. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि तिचा उजवा दंड सुजला, तो सुजलेलाच राहिला. उद्या तिच्या भाचीचा साखरपुडा होता. मागच्या शिंप्याने तिच्या उजव्या बाहीला खांद्यावर चुण्या घालून फुगा काढला होता, तर जाऊबाईंनी चारचौघांत विचारलं, फॅशन एकाच हाताला का? तेव्हापासून साडी कपाटातच.

"बाही साधी हवी गं," नमिता म्हणाली होती. "कोणाची नजर तिथे जायला नको. नाही जमलं तर मी जातच नाही."

मोठ्या दंडासाठी मोठी बाही कापली, तर तिचा वरचा गोल मुंढ्याच्या, म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात त्या जागेच्या, घेरापेक्षा दीड इंच जास्त भरला. एवढं कापड शिवणीत जिरवायचं आणि चुणी एक दिसू द्यायची नाही. सुगंधाने गोलाच्या कडेला मोठ्या टाक्यांच्या दोन ओळी मारल्या, दोरे ओढून कापड आवळलं, मधली खूण खांद्याच्या शिवणीला लावून टाचण्या टोचल्या. सगळं रीतसर. शिवलं, तर खांद्याजवळ तीन चुण्या. उसवून पुन्हा शिवलं, तर चार. वाट लागली. आणखी उसवाउसवी केली तर सुती कापडाची चाळणी झाली असती, आणि दुसरं कापड नव्हतं.

ती चहा मागवून नुसती बघत बसली. आणि मग कपाळावर हात मारला. बाही वर ठेवली होती, दोन्ही वेळा! एरवी ती बाही खाली, सुईखाली कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या दातांकडे ठेवते. खालचं सैल कापड ते दाते आपोआप जिरवत नेतात. आज मेल्या भीतीपोटी बाही डोळ्यांसमोर हवी म्हणून वर घेतली, आणि वरून कापड दाबून धरणारा मशीनचा दाबपाय तेच सैल कापड पुढे ढकलत गेला.

तिने हळूच उसवलं. टॉवेलच्या गुंडाळीवर गोल ठेवून वाफेची इस्त्री फिरवली, तशी फुगलेली कड बसली. मग बाही खाली घालून, टाचण्या काढत काढत, सावकाश शिवत गेली. उलटून बघवेना. बघितलं. खांदा गुळगुळीत! सुगंधाला चक्क रडू आलं.

पाच वाजता नमिता आली. पडद्याआड ब्लाउज घातला, आरशासमोर उभी राहिली, उजवा हात वर केला, खाली घेतला. मग खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. सुगंधाचा जीव टांगणीला.

"गळा," नमिता शेवटी कुरकुरली, "जरा खोल हवा होता गं."

एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाची तक्रार सुगंधाला इतकी गोड कधी लागली नव्हती.