नकाशाच्या कडेची पट्टी

मंचरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात बुबुळाचा रंगीत नकाशा काढणाऱ्या मशीनची खोली अगदी मागे होती, बिनखिडकीची. हौशीराम बारा वर्षं तिथं एकटाच बसायचा. आधी झाडलोट करायचा. चाळिशीत अक्षरं शिकला, मग डॉक्टर इंद्रायणीबाईंनी त्याला मशीनवर बसवलं. माणसं येत, हनुवटी टेकवत, आतल्या दिव्याकडं बघत आणि उठून जात. हौशीरामच्या तोंडाकडं बघायचं कुणाला कामच नसे. बायको गेल्यापासून घरीही तसंच.

समृद्धी तेवढी बोलायची. खोडदची पोर, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर सारखा बदलतो म्हणून आली, तेव्हा नकाशात डाव्या बुबुळाच्या खालच्या अंगाला लाल डाग उमटला होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा तिथं पुढं फुगला होता, आणि जाडीच्या नकाशात तीच जागा पातळ दिसत होती. फुगवटा आणि पातळपणा एकाच जागी आले की बुबुळ शंकूसारखं होत जाण्याचा आजार.

बाईंनी सहा महिन्यांनी यायला सांगितलं. हौशीरामनं मात्र आपल्या परीनं सोपं करून सांगितलं होतं, "हे बघ पोरी, लाल म्हंजे फुगवटा, हिरवं म्हंजे बरं. लाल वाढलं की पळत ये."

"आणि नाही वाढलं तर, मामा?"

"तर चहा प्यायला ये."

ती हसली होती. तिचं ते मामा म्हणणं त्याला वर्षभर पुरलं.

आज ती आली. हातात गेल्या वर्षीच्या नकाशाचा कागद होता, आणि सहा महिन्यांपूर्वी पुण्याला कॉलेजनं तपासणीला नेलं होतं तिथला दुसरा.

"इतके दिवस कुठं व्हतीस?"

"लाल गेलं होतं की, मामा. हे बघा ना, पुण्याच्या कागदावर. पिवळं-हिरवं. मग म्हटलं, कशाला यायचं? आता मात्र फळ्यावरचं अक्षर दोन-दोन दिसतंय."

"डोळं चोळतीस का?"

"खाजतात हो."

"हनुवटी टेक. पापणी लववू नगं."

नकाशा उमटला. खालचा लाल डाग आता रुंद आणि गडद झाला होता. हौशीरामनं पुण्याचा कागद शेजारी धरला. डाग खरंच हिरवट होता. मग त्याची नजर कडेच्या रंगपट्टीवर गेली, कुठला रंग म्हणजे फुगवट्याचा किती आकडा ते सांगणाऱ्या.

त्याच्या मशीनवर अर्ध्या अर्ध्या आकड्याला रंग बदलायचा. पुण्याच्या पट्टीवर दीड आकड्याला. टप्पे मोठे, म्हणून तिथं तोच फुगवटा हिरवा दिसणार होता. पुण्याच्या कागदावरचा आकडा बघितला : एकोणपन्नास पूर्णांक चार. आपल्याकडचा जुना : सत्तेचाळीस पूर्णांक आठ. हिरवं दिसत होतं तेव्हाच वाढलं होतं. आणि आजचा आकडा एक्कावन्न पूर्णांक दोन. जाडी चारशे एकोणनव्वद मायक्रॉनवरून चारशे एक्कावन्नवर आलेली.

रंग त्याला अक्षरांच्या आधीपासून कळायचे. म्हणून तो रंगच आधी वाचायचा, आणि तिलाही त्यानं तेच शिकवलं होतं. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पोर स्वतःच आली नाही, एवढंच सगळे म्हणाले असते.

तिला घेऊन तो बाईंसमोर उभा राहिला. "बाई, चूक माझी हाय. मीच हिला म्हणलं, हिरवं म्हंजे बरं. पट्टीचं सांगितलंच न्हाई."

बाईंनी तिन्ही कागद मांडले. "दोन मशीनचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण आपलेच दोन बघितले तरी आजार वाढलाय. किरणांचा उपचार करू. वरचा पापुद्रा काढल्यावर चारशे मायक्रॉन तरी उरावे लागतात. अजून जमेल, पण काठावर आहे. या आठवड्यातच."

"आणि गेलेली नजर?" समृद्धीनं विचारलं.

"यानं वाढ थांबते. गेलेलं बहुतेक परत येत नाही."

समृद्धी हौशीरामकडं बघत राहिली. "म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आले असते तर..." तिनं कागद उचलले. वडिलांना फोन लावायला बाहेर गेली.

उपचार झाला. सहा महिन्यांनी ती वडिलांबरोबर आली, हनुवटी टेकवली, दिव्याकडं बघितलं. हौशीरामनं आधी आकडे वाचले. एक्कावन्न. जाडी चारशे एकोणपन्नास.

"वाढलं न्हाई. थांबलंय."

"बरं," ती म्हणाली.

कागद हातात घेऊन तिनं पहिल्यांदा कडेची पट्टी बघितली, बोटानं एकेक आकडा मोजला, मग मधला लाल डाग. घडी घातली आणि वडिलांच्या मागं निघाली. दाराशी क्षणभर थांबली, तेव्हा हौशीराम उगाच खुर्चीतून अर्धा उठला. पण ती नुसती चप्पल सारखी करत होती.

त्यानं हनुवटीचा टेकू पुसला आणि पुढचं नाव पुकारलं.