जनावरापाशी भाकरी

नवरा गेल्यावर बाईला पैसा कुणी देत नाही, सल्ला मात्र अख्खं गाव फुकट देतं. विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून चेतन गेला आणि रुपालीच्या ओट्यावर शहाण्यांची रीघ लागली. म्हणे शिलाई मशीन घे. गावात आधीच तिघीजणी शिवत होत्या. पापड कर. पण विकायचे कुणाला, तिची कुणाशी ओळख ना पाळख. म्हैस घे. म्हैस एकदा बसली की शिल्लक सगळी बसली, मग पोरांची शाळा, संस्कृतीची आठवी आणि पार्थची चौथी, कशावर चालायची? पोस्टात तिच्या नावावर साठ हजार होते, तेवढाच काय तो आधार.

त्या साठ हजारांवर धाकट्या दिराचा डोळा. गोरक्षनाथला पिकअप घ्यायची होती. "वहिनी, पैसं माझ्याकडं द्या. गाडी चालली की घर मी बघतो." तिनं नाही म्हटलं, तसा त्यानं तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती दारावर जाऊन आदळली. भुवई फुटली. सासू साळूबाई शेजारीच लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. काय म्हणावं असल्या बाईला.

रुपालीला धंदा सापडला तो काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात. शेळी विकायला गेली होती. दुपार झाली, पोटात कावळे ओरडायला लागले, पण शेळी सोडून जायचं कसं? आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांची तीच गत. लांबून टेम्पो भरून आलेले व्यापारी आणि शेतकरी दावणीला खिळलेले, चहात बिस्किटं बुडवून खात होते. हॉटेलं रस्त्याला होती. जनावरापाशी भाकरी घेऊन येणारं कुणी नव्हतं. इथं ओळख लागत नाही, भूक लागते, एवढं तिला उमजलं.

तिनं शिल्लक मोडली नाही. थोडेच पैसे काढून परात, तवा, डबे आणि पीठ आणलं. सेवा केंद्रात जाऊन खाद्यपदार्थ विकायची नोंदणी केली, बाजाराची पावती फाडली. चाललं तर वाढवू, बुडालं तरी पोरांची शाळा बुडायची नाही, हा तिचा हिशेब. कडेला चूल मांडायची, भाकरी थापायची, पिठलं-ठेचा घेऊन पाटी डोक्यावर, दावणीदावणीनं फिरायचं. तिसऱ्या शनिवारी लोक लांबूनच हाक मारायला लागले.

चौथ्या शनिवारी गोरक्षनाथ आला. घराण्याची अब्रू जाते म्हणून समजवायला साळूबाईलाही सोबत आणलं होतं; ती चुलीशेजारी टेकली.

"ऊठ. बाजारात बसून भाकऱ्या इकती व्हय? घरी चल, पोस्टाचं बुक काढ."

"न्हाई काढणार."

त्यानं तिचे केस धरले आणि फरफटत चुलीपासून ओढलं. तिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. तसा त्यानं बैल हाकायची काठी उचलली आणि तिच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. त्यानं पुन्हा घातली, पाठीवर, खांद्यावर. लोक बघत राहिले. घरातलं भांडण म्हणून कुणी मध्ये पडलं नाही. बैलाचे दात बघायला वाकणारी माणसं, बाईसाठी कुणी वाकेना.

मग त्यानं पाटीला लाथ घातली. भाकऱ्या शेणात पडल्या, त्यावर तो बुटानं नाचला.

साळूबाई उठली. सुनेचे केस उपटले तेव्हा जी हलली नव्हती, ती भाकरीवर पाय पडला तेव्हा उठली. पदरानं तापलेला तवा उचलला आणि पोटच्या पोराच्या तोंडावर हाणला. गाल भाजला, ओठ फाटला. तो खाली पडला, तशी तिनं दुसऱ्यांदा गुडघ्यावर घातला. तेव्हा कुठं चार जण धावले आणि त्याला धरलं. मोडतं हाड बघून कुणी आलं नव्हतं.

रुपाली लटकता हात छातीशी धरून बसली होती. सासू आपल्यासाठी उठली नाही, हे तिला पक्कं कळलं होतं आणि तेच मनगटापेक्षा जास्त ठणकत होतं.

दवाखान्यात प्लास्टर घालून दोघी पोलीस चौकीत गेल्या. हवालदारानं साळूबाईला विचारलं, "तुम्ही काय बघितलं?"

"त्यानं अन्नाला लाथ मारली."

"आणि माझा हात मोडला," रुपाली म्हणाली. "ते बी सांगा, आत्याबाई. त्या हातानं मी तुमच्या नातवंडांना शिकवतीये. भाकरी काय आभाळातनं पडली हुती?"

साळूबाईनं प्लास्टरकडं बघितलं.

"लिवा," ती हवालदाराला म्हणाली. "हात मोडला. घरात भुवई फोडली, ते बी लिवा. मी तिथंच लसूण सोलत हुते."

हवालदारानं अंगठ्यासाठी शाई पुढं केली. अंगठा उठवून ती रुपालीकडं वळली. "पीठ किती भिजवायचं, ते शनिवारी सांग," ती म्हणाली. "थापायला माझं हात हायेत."