रिकाम्या ओळी

भाषांतराचं काम करणाऱ्या बाई सकाळचा जप आटोपून निघाल्या, तेव्हा पिशवीत नव्या पेन्शन योजनेच्या अर्जाचे कच्चे छापील नमुने होते. एकट्या, निराधार बायकांसाठीची योजना. मूळ कागद इंग्रजीत, तोही असा की वाचणाऱ्याला धाप लागावी. त्याचं साधं मराठी बाईंनी केलं होतं. उद्या ते छापखान्यात जायचं होतं, आणि त्याआधी कुणा खऱ्या अर्जदाराकडून भरून घ्यायचं, हा बाईंचा शिरस्ता. मोठे साहेब त्याला हसायचे. “परीक्षा तुमची की त्यांची?” म्हणायचे.

गावच्या कार्यालयात एकच टेबल, त्याचाही एक पाय विटेवर. समोर शिवणमावशी बसल्या. साठी उलटलेली, गावभराचे कपडे शिवणाऱ्या. चारचौघांत कागद कधी भरला नव्हता, पण लिहिता-वाचता यायचं.

“मी काही सांगणार नाही हं मावशी,” बाई म्हणाल्या. “अडलात तर चूक माझी.”

“असं म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. आमच्या भाचेसुनेला शिकवा जरा.”

मावशी बोट ठेवून वाचू लागल्या. नाव, वय, पत्ता सुरळीत झालं. ‘पती हयात नसल्यास’पाशी क्षणभर थांबल्या, मग खूण केली. बाईंना हायसं वाटलं. मग तक्ता आला, ‘तुमच्या घरात राहणारी माणसे’. मावशींचा चेहरा उजळला. भाचा, भाचेसून, त्यांची दोन्ही पोरं, असं एकेक नाव त्या सावकाश, वळणदार लिहू लागल्या. धाकट्या नातीचं लाडाचं नाव लिहिलं, मग खोडून शाळेतलं लिहिलं.

“यांच्या रांगेत माझं नाव आजवर कुठल्या कागदावर आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “रेशनकार्डसुद्धा माझं वेगळं.”

“जेवता एकत्रच?”

“नाही हो. मागच्या खोलीत माझी चूल वेगळी. पण दार तर एकच ना?”

पुढच्या रकान्यात त्यांनी भाच्याच्या कारखान्यातला पगार लिहिला. बाईंनी तो आकडा दोनदा वाचला. एवढ्या उत्पन्नावर अर्ज पहिल्याच टेबलावर बाद होणार होता. त्यांनी मूळ इंग्रजी कागद काढला. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कुटुंब म्हणजे अर्जदार, तिचा पती आणि अठरा वर्षांखालची मुलं. बस्स. ही व्याख्या बोजड वाटली म्हणून बाईंनीच ती गाळली होती आणि ‘घरात राहणारी माणसे’ असं सुटसुटीत करून टाकलं होतं. सोपं करायच्या नादात त्यांनी गावोगावच्या मावशींना अपात्र करायची सोय केली होती.

“मावशी, चुकलं. तुमचं नाही, माझं.” त्यांनी व्याख्या समजावून सांगितली. “या योजनेत भाचा धरायचा नाही. त्याचा पगारही नाही. तुमच्या शिवणाचं जे येतं तेवढंच.”

“मग इथं कोण लिहू?”

“तुम्ही.”

“आणि?”

बाईंनी मान हलवली. दुसरा कोरा नमुना पुढे केला. मावशींनी आपलं नाव लिहिलं. खाली ओळी तशाच राहिल्या.

“त्यावर आडवी रेघ मारावी लागते,” बाई हळूच म्हणाल्या. “नाहीतर मागाहून कुणी काही भरेल, म्हणून अर्ज परत येतो.”

“राहू दे ना रिकाम्या. कुणाचं काय जातंय?”

“तुमचं पेन्शन जाईल.”

मावशींनी पेन नीट धरलं. मग कापडावर खडूने आखावी तशी, एका दमात, सरळ रेघ ओढली. “घ्या. झाले मी निराधार.” हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. “बाई, तुमच्या तक्त्यात किती नावं?”

“एकच.”

“आणि रेघ?”

“कुणी मारायला सांगितली नाही अजून.”

मावशींनी पहिला, नावांनी भरलेला नमुना परत मागितला. हा कामाचा नाही, असं बाईंनी सांगितलं, तरी त्यांनी तो चौकोनी घडी घालून कमरेला खोचला.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बाई दुरुस्तीला बसल्या. तक्त्यावर व्याख्या ठळक आली: ‘फक्त तुम्ही, पती आणि अठरा वर्षांखालची मुले. भाऊ, भाचा, सून यांना, एका घरात राहत असले तरी, इथे लिहू नका.’ त्याखाली त्यांनी एक वाक्य जोडलं: ‘ही नावे लिहिली नाहीत म्हणून ती माणसे तुमची नाहीत, असे होत नाही.’

दुरुस्त मजकूर मोबाइलवरून पाठवताच साहेबांचा फोन आला. “शेवटचं वाक्य मूळ कागदात नाही. काढा. बाकी उत्तम.”

बाईंनी वाक्यावर आडवी रेघ मारली. व्याख्या राहिली, मावशींचा अर्ज आता अडणार नव्हता. मग त्यांनी आपल्या एकट्यापुरता भात लावला, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशीच उभ्या राहिल्या.